खांब क्र. १७

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि सातवीच्या मराठीच्या बाईच डोळ्यांपुढे आल्या. त्यांचं नाव इथे कुणाला सांगायला नको.

१९९१चा डिसेंबर. दुपारची शाळा सहाला सुटायची आणि सदाशिव पेठेतल्या त्या बोळात तोवर अंधार झालेला असायचा, कारण कोपऱ्यावरचा दिवा बंद होता. औपचारिक पत्राचा पाठ आला तेव्हा बाई म्हणाल्या, "हे पत्र वहीत राहणार नाही, जाणार आहे."

मी पानभर अंधार, चिखल, लहान मुलांची भीती लिहिली. विषय दिला 'दिव्याबाबत'. बाईंनी वाचून एवढंच विचारलं, "हे वाचून माणूस शिडी घेऊन निघाला, तर नेमका त्या खांबापाशी पोचेल का रे?"

मधल्या सुट्टीत आम्ही खांब पाहून आलो. त्यावर रंगाने १७ लिहिलेलं होतं. मग विषय झाला 'खांब क्र. १७ वरील बंद दिवा दुरुस्त करणेबाबत'. मजकूर तीन छोट्या परिच्छेदांवर आला: दिवा कुठला आणि कधीपासून बंद, त्याने अडचण काय, आमची विनंती काय.

बाईंनी वहीच्या पुठ्ठ्याआत एक यादी चिकटवायला लावली होती. वर उत्तर जिथे यावं तो पत्ता आणि दिनांक आहे का? 'प्रति'खाली नावाऐवजी हुद्दा आणि कार्यालयाचा पत्ता आहे का? विषय एका ओळीत आहे का? विनंती एकच आहे का? शेवटी 'आपला विश्वासू' आणि सही? खूण स्वतः करायची नाही, शेजाऱ्याने पेन्सिलने करायची. माझ्या शेजाऱ्याने शेवटची चौकट रिकामी ठेवली, कारण शेवटी मी 'आपला आज्ञाधारक' लिहिलं होतं. ते मुख्याध्यापकांना चालतं, कार्यालयाला नाही. पत्र पुन्हा लिहिलं.

निवडलेल्या पत्राच्या दोन प्रती घेऊन बाई आम्हा चौघांना महापालिकेच्या कार्यालयात घेऊन गेल्या. एक प्रत दिली, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. त्या प्रतीला पोच म्हणतात, हे तिथे कळलं. आज आमच्या सोसायटीचा सचिव म्हणून मी पोच घेतल्याशिवाय एकही अर्ज देत नाही.

भाचीची वही परवा पाहिली. आराखडा बदललाय, पाठवणाऱ्याचा पत्ता आता खाली येतो, सोबत ई-मेलही. पण पाठवणाऱ्याच्या जागी 'अ. ब. क.' आहे आणि पत्र गुण घेऊन वहीतच थांबलंय. मला फार वाईट वाटलं.

आमचा दिवा नवव्या दिवशी लागला. दुसऱ्याच तासाला बाईंनी आभाराचं पत्र लिहायला सांगितलं. मी आनंदाने लिहून दिलं. बाईंनी विषयाखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "संदर्भ?" मी दप्तरातून पोच काढली आणि आवक क्रमांक उतरवून घेतला.