गेटवेचे पैसे आणि ऑर्डरींचा ताळमेळ

"पेमेंट गेटवेकडून बँकेत ४,४७०.२० रुपये आले, ऑर्डरी तर ५,५०० च्या आहेत. मग विक्री किती लिहायची?"

विक्री ५,५०० रुपयेच लिहायची. बँकेत जमा झालेली रक्कम ही विक्री नसून वजावटीनंतर हाती उरलेली बाकी असते, आणि तीच विक्री म्हणून नोंदवली तर उलाढाल, खर्च आणि परतावा हे तिन्ही आकडे एकदम चुकतात.

आपल्या उदाहरणात नेटबँकिंगने पैसे भरलेल्या २,५००, १,२०० आणि १,८०० रुपयांच्या तीन ऑर्डरी आहेत. त्यांवर २ टक्के शुल्क म्हणजे ११० रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १९.८० रुपये कापले गेले. उरलेली ९०० रुपयांची वजावट या तीन ऑर्डरींची नाहीच. मागच्या आठवड्यातल्या एका ऑर्डरीचा तो रिफंड आहे आणि गेटवेने तो आजच्या रकमेतून वळता करून घेतला आहे. फरक शोधणारे बहुतेक जण इथेच अडकतात, कारण ते तो याच तीन ऑर्डरींमध्ये शोधत राहतात.

म्हणून मी 'गेटवे येणे' असे एक स्वतंत्र खाते ठेवते. ऑर्डरीचे पैसे भरले गेले की ते या खात्यात नावे पडतात. रिफंड दिला की त्याच दिवशी, मूळ ऑर्डरीचा क्रमांक लिहून, जमेला येतो. आणि सेटलमेंट आले की शुल्क, त्यावरचा कर व बँकेतली रक्कम जमेला येते. उरलेली बाकी अजून सेटल न झालेल्या पेमेंटमधून अजून वळते न झालेले रिफंड वजा केल्यावर येणाऱ्या रकमेइतकीच असली पाहिजे. ३१ मार्चला भरलेले पैसे एप्रिलमध्ये बँकेत आले, तरी ती विक्री मार्चमध्येच राहते आणि बाकी त्याची साक्ष देते.

रिफंड दिल्यावर मूळ व्यवहाराचे शुल्क सहसा परत मिळत नाही. नेटबँकिंगनेच पैसे भरलेल्या त्या ९०० रुपयांच्या ऑर्डरीवर १८ रुपये शुल्क आणि ३.२४ रुपये कर आधीच गेलेला असतो. शुल्काचे १८ रुपये खर्चातच राहतात. कराचे क्रेडिट मात्र नोंदणीकृत विक्रेत्याला गेटवेच्या बीजकावर घेता येते.

जुळवणी रकमेवरून कधीही करू नये, पेमेंट आयडीवरूनच करावी. एकदा १,२०० रुपयांची एक ओळ ऑर्डरीविना उरली होती. मी ती त्याच रकमेच्या दुसऱ्या ऑर्डरीला जोडून मोकळी झाले. प्रत्यक्षात ग्राहकाचा पहिला प्रयत्न दुकानात अयशस्वी दिसला असताना पैसे मात्र नंतर कापले गेले होते, आणि त्याने दुसऱ्यांदा पैसे भरले होते. त्याचे १,२०० रुपये परत करायला मला तीन आठवडे लागले.