सतरा नंबरची पट्टी दिसेना

टीव्हीचं पॅनल गेलंय, असं सर्व्हिस सेंटरच्या माणसाने सांगितलं त्याला आता महिना होत आला, तरी माझी चीड जात नाही. पॅनल ठणठणीत होतं. चुकीची होती ती मेनूतली एक ओळ, आणि ती ओळ तो आणि मी दोघेही चुकीच्या जागी उभे राहून बघत होतो.

आम्ही खानापूरचे. तक्रार नोंदवली की माणूस बेळगावहून येणार. अकरा दिवस वाट बघितली. तक्रार साधीच होती: लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरने टीव्हीला जोडून सिनेमा लावला की रात्रीचे प्रसंग नुसते डांबरासारखे दिसायचे. आप्पा म्हणायचे, "अंधारात कोण बोलतंय त्येच कळंना." उजेडातही गडबड होतीच. पांढऱ्या सदऱ्याच्या सुरकुत्या, ढगांचे आकार, सगळं एकसारखं पांढरं.

त्या माणसाने रिमोट घेतला, Brightness वर नेलं, काळं सगळं राखाडी झालं, आणि म्हणाला, "सर, पॅनल डिम झालंय, बदलावं लागतंय." खर्चाचा आकडा ऐकून आप्पा काही बोलले नाहीत. मी त्याला HDMI Black Level या मेनूतल्या ओळीबद्दल विचारलं; वायरीतून येणारं काळं कुठल्या आकड्यापासून धरायचं ते ती ठरवते. त्याने सेट-टॉप बॉक्सवर चालू असलेल्या बातम्यांवरच मेनू उघडला. ती ओळ फिकट होती, दाबली जात नव्हती. "या मॉडेलला ते नाही," म्हणाला आणि गेला.

मग मी स्वतः बसलो. एव्हीएस एचडी 709 नावाच्या चाचणी-चित्रफिती फुकट मिळतात, त्यातल्या एमपी4 फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या. आधी पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावला. टीव्ही अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा असतो. आमच्याकडे पावसात मध्येच लाइट गेली, मग पुन्हा पहिल्यापासून. पिक्चर मोड Movie केला. Vivid मध्ये असली जुळणी करण्यात अर्थ नाही. वीजबचत, खोलीचा उजेड बघून प्रकाश कमीजास्त करणारा सेन्सर आणि आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या सगळ्या सोयी बंद केल्या, नाहीतर आपण आकडा बदलतो आणि टीव्ही मागून तो फिरवतो.

काळ्याच्या चित्रात 2 पासून 25 पर्यंत आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्या लुकलुकतात. उजेडाची पातळी 0 ते 255 या आकड्यांत मोजतात, आणि सिनेमाच्या सिग्नलमध्ये काळं म्हणजे 16 आणि पांढरं म्हणजे 235. म्हणून 16 आणि त्याखालची पट्टी दिसायला नको, आणि 17 नंबरची अगदी जेमतेम दिसायला हवी. Brightness 50 वर 17 लुकलुकताना दिसली, 53 केल्यावर 15 सुद्धा दिसू लागली, म्हणून परत 50. पांढऱ्याच्या चित्रात 230 ते 253 पट्ट्या असतात. Contrast 95 वर त्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या, 88 वर 230 ते 234 वेगळ्या झाल्या, वरच्याही बऱ्याच दिसल्या. Contrast हलवलं की Brightness पुन्हा बघावं लागतं, एक दुसऱ्याला ओढतं. मला पुन्हा बघितल्यावर 50 च ठेवावं लागलं. हे सगळं वीस मिनिटांत झालं. म्हणजे पॅनलला 17 दाखवता येत होतं!

एक राहिलं सांगायचं: काही टीव्हीत Brightness म्हणजे मागच्या दिव्याचा प्रकाश असतो, आणि काळ्याची पातळी Black Level किंवा Shadow Detail अशा वेगळ्या नावाखाली असते. आकडा बदलल्यावर काळं आणि पांढरं दोन्ही एकदम उजळलं तर समजा, तुम्ही दिव्याला हात लावलाय.

आता तीच फाइल लॅपटॉपवरून लावली, आणि इथे माझे पुढचे दहा दिवस गेले. पडदा पूर्ण काळा. 17 नाही, 20 नाही, 25 सुद्धा नाही. पांढऱ्याच्या चित्रातही एकही पट्टी नाही, कोरा कागद. मी रोज रात्री तेच करत राहिलो: Brightness वाढवायचं, 17 दिसेपर्यंत काळं धुक्यासारखं व्हायचं, कमी करायचं, पुन्हा डांबर. वायर बदलली. दुसरा प्लेअर टाकला. आपणही पॅनलच दोषी धरू लागलो की काय, असं वाटायला लागलं.

शेवटी वहीत हिशोब मांडला. लॅपटॉप सिनेमाचं 16 ते 235 ताणून 0 ते 255 करतो. त्यातलं 0 म्हणजे काळं. पण टीव्ही समजून बसलाय की येणारं काळं 16 वर आहे, म्हणून 16 पर्यंतचं सगळं तो काळं करून टाकतो. लॅपटॉपचं 16 म्हणजे मूळ सिनेमातलं जवळजवळ 30. म्हणजे 25 पर्यंतची प्रत्येक पट्टी जाणारच. वरच्या टोकाला टीव्ही 235 च्या पुढचं कापतो, आणि लॅपटॉपचं 235 म्हणजे मूळचं सुमारे 218. म्हणजे 230 पासूनच्या सगळ्या पट्ट्या गायब. दोन्ही टोकं एकदम कापली गेली होती. Brightness एकटं चुकलं असतं तर पांढऱ्याचं टोक शाबूत राहिलं असतं. हे मला पहिल्याच रात्री सुचायला हवं होतं.

म्हणून पुन्हा ती HDMI Black Level ची ओळ. या वेळी लॅपटॉपचं चित्र पडद्यावर असताना मेनू उघडला, आणि ओळ उजळलेली होती! सेट-टॉप बॉक्स रंग वेगळ्या पद्धतीने पाठवतो, तिथे आमचा टीव्ही ती ओळ बंद ठेवतो. लॅपटॉप आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे सुटे रंग पाठवतो, तेव्हाच ती चालू होते. ती Low वर होती, Normal केली. क्षणात 17 लुकलुकली. मी आप्पांना झोपेतून उठवून दाखवलं.

टीव्हीत ही ओळ नसेल तर लॅपटॉपकडून तेच करता येतं. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये Quantization Range, एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये Output dynamic range, तिथे Limited निवडायचं. पण एकाच बाजूने करा. दोन्हीकडे बदललं तर उलट चूक होते, काळं राखाडी आणि सगळं फिकट.

लॅपटॉपवरून बघताना एक मर्यादा राहते. ताणताना 16 च्या खालचं आणि 235 च्या वरचं तिथेच गळून पडतं, त्यामुळे Brightness कितीही वाढवलं तरी 15 ची पट्टी दिसणार नाही. म्हणून 17 दिसेनाशी होईपर्यंत खाली जायचं आणि ती परत दिसली की तिथेच थांबायचं. हे रात्री, नेहमीच्या जागेवर बसून करा. आम्ही पलंगाच्या कडेवरून बघितलं तर आमच्या पॅनलवर काळं उजळ दिसतं आणि हात चुकीच्या दिशेला जातो. Contrast वर नेताना पांढऱ्या पट्ट्या गुलाबी किंवा पिवळसर व्हायला लागल्या तर एखादा रंग आधीच संपलाय, दोन घरं मागे या.

लॅपटॉपच्या एचडीएमआयवर आमचे आकडे 49 आणि 88 आले, पेन ड्राइव्हवर 50 आणि 88. आमचा टीव्ही प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी ठेवतो, म्हणून दोन्हीकडे बघावं लागलं. सेट-टॉप बॉक्सवर चाचणी-चित्र लावायची सोय नाही, तिथे पेन ड्राइव्हचेच आकडे टाकले. आप्पा आता कबड्डी त्यावरच बघतात. सर्व्हिस सेंटरला मी फोन करून तक्रार बंद करायला सांगितली आणि कारण लिहून घ्या म्हणालो. त्यांनी ते लिहिलं की नाही, माहीत नाही.