फिफोची डेप्थ 32 पुरेल का? माझा अनुभव

वेर्ण्याला ज्या टीममध्ये मी आहे तिथे एक ब्लॉक माझ्याकडे आला, आत साधा सिंक्रोनस फिफो, दोन्ही बाजूला एकच क्लॉक. लिहिणारा म्हणजे एडीसीकडून येणारा डेटा, त्याला थांब म्हणायची सोयच नाही, आणि वाचणाऱ्याला आर्बिटर दर दुसऱ्या सायकलला एकदाच पाळी देतो. डेप्थ 32, जुन्या प्रोजेक्टमधून जशीच्या तशी आलेली. काम एवढंच की 32 पुरते का ते दाखव.

स्पेकमध्ये एकच ओळ होती, 100 सायकलच्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त 40 वर्ड, आणि ते सलग येऊ शकतात. सरासरी बघितली तर लिहिणं 0.4 आणि वाचणं 0.5, म्हणजे आरामात. पण सरासरीवरून एवढंच कळतं की फिफो कधीतरी रिकामा होईल, मधे किती भरेल ते कळत नाही. उलटं असतं, म्हणजे वाचणाऱ्याला तीन सायकलला एक पाळी, तर डेप्थ कितीही द्या, फिफो कधीतरी भरणारच.

म्हणून मी फॉर्म्युला शोधत बसण्यापेक्षा सरळ count चा हिशोब धरला. नुसतं लिहिलं की एक वाढतो, नुसतं वाचलं की एक कमी, दोन्ही एकाच सायकलला झालं की तेवढाच राहतो. बर्स्ट चालू असताना दर दोन सायकलला दोन आत, एक बाहेर, म्हणजे एकने चढतो. 40 चा बर्स्ट संपेपर्यंत count 20, मग 32 भरपूर झाले ना? टीममध्ये सगळ्यांचं गणित हेच होतं.

खरी गंमत त्या फ्रेममध्ये आहे. फ्रेम 0 ते 99, मग 100 ते 199 अशा ठरलेल्या खिडक्या असतील तर पहिल्या फ्रेमचे 40 अगदी शेवटी येऊ शकतात आणि दुसऱ्या फ्रेमचे 40 अगदी सुरुवातीला, नियम कुठेच मोडत नाही, पण फिफोला मात्र सलग 80 वर्ड दिसतात. तेवढ्या वेळात वाचले जातात 40, उरतात 40. रिबंदरच्या फेरीबोटीला जसं, एका बाजूने गाड्या दिवसभरात किती आल्या याला अर्थ नसतो, दोन घोळके एकामागोमाग आले की रांग रस्त्यापर्यंत जाते. तेच जर स्पेकचा अर्थ "कुठल्याही सलग 100 सायकलमध्ये 40" असा असेल तर दोन बर्स्ट चिकटूच शकत नाहीत, मधे 60 सायकलचं अंतर पडतंच, आणि 20 चं गणित बरोबर ठरतं. म्हणजे एका ओळीच्या अर्थावर डेप्थ दुप्पट. सिस्टीमवाल्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अरे फ्रेम टायमर ठरलेला आहे, आत डेटा कधी येईल ते सेन्सरवर." झालं, म्हणजे 80 धरायचे.

वर अजून एक वर्ड लागतो. फिफो रिकामा असताना पहिला वर्ड ज्या सायकलला लिहिला जातो त्याच सायकलला वाचणाऱ्याची पाळी आली तर त्याला अजून empty च दिसतं, ती पाळी फुकट जाते, मग 80 सायकलमध्ये 39 च वाचून होतात. पीक 41. आउटपुटला आणखी रजिस्टर टाकून empty उशिरा उतरत असेल तर तेवढ्या पाळ्या अजून गेल्या.

पुढचा फ्रेम आला तर साचत जाईल का, तेही बघितलं. 41 वरून उरलेल्या 60 सायकलमध्ये 30 निघून 11 राहतात, लगेच तिसरा बर्स्ट आला तरी 31 पर्यंतच चढतो. म्हणजे 41 हाच डोंगरमाथा.

टेस्टबेंचमध्ये बर्स्टची जागा रँडम होती, त्यामुळे दोन बर्स्ट असे बरोब्बर चिकटणं जवळपास अशक्य आणि रिपोर्ट कायम हिरवा. मी मुद्दाम शेवटी-सुरुवातीला बर्स्ट लावला, आणि आरटीएलमध्ये हे टाकलं:

```verilog
always @(posedge clk)
  if (rst) peak <= 0;
  else if (count > peak) peak <= count;
```

सोबत `wr_en && full` कधी खरं होऊ नये असं असर्शन. 32 वर ते लगेच पेटलं. वेवफॉर्ममध्ये दिसतं की पूर्ण बर्स्ट उडत नाही, शेवटच्या सोळा-सतरा वर्डमधला एकाआड एक गळतो, कारण एक वाचला की एक जागा होते आणि परत full. बोर्डवर असा डेटा बघून लोक सेन्सरच्या नॉइजला शिव्या घालतील!

सिंक्रोनस फिफोला ग्रे कोडचं लफडं नाही, त्यामुळे डेप्थ दोनच्या घातातच हवी असं काही नाही, 41 पण चालते. पण आमच्या एफपीजीएत सहा इनपुटचा एलयूटी तसाही 64 बिट धरतो, 41 ठेवून तिथे काही वाचत नव्हतं, म्हणून 64 केली, आणि `peak` रजिस्टर सॉफ्टवेअरला वाचता येईल असं ठेवून दिलं. तिथे 41 च्या वर काही दिसलं तर फिफोकडे नको, आर्बिटरकडे बघायचं, पाळी चुकतेय.