अंगचा रंग आणि वरची झाक : आमची वाटचाल

आमच्याकडे मोती ओवायचं काम सासूबाईंपासूनचं. पुण्यात नारायण पेठेतल्या घरातच तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, नथी व्हायच्या. गिऱ्हाईक ओसरीवर बसायचं, मोती तळहातावर घेऊन उजेडात न्यायचं आणि होय-नाही सांगायचं. त्या काळी रंगाचं वर्णन करायची वेळच कधी आली नाही. २०१४ साली मी फोनवर फोटो पाठवून विकायला लागले, आणि पहिल्याच दिवाळीत नागपूरहून चिंचपेटी परत आली.

फोटोखाली मी ‘गुलाबी मोती’ असं लिहिलं होतं. बाईंनी फोन केला. “अहो ताई, हे तर सायीच्या रंगाचे आहेत. गुलाबी कुठेयत?” मी पुन्हा फोटो पाहिला, मोती गुलाबीच दिसत होते. मग धाकटी जाऊ म्हणाली, “वहिनी, त्या दिवशी तुम्ही राणी रंगाची साडी नेसला होतात.” फोटो मोठा करून पाहिला, तर प्रत्येक मोत्यात खालच्या बाजूला माझ्या साडीचा एक चंद्रकोरीएवढा तुकडा बसलेला. पाणीदार मोती हा गोल आरसाच. समोर काय आहे ते तो दाखवणारच.

पण चूक नुसत्या साडीची नव्हती, शब्दाचीही होती. मोत्याला दोन रंग असतात आणि मी ते एकात कोंबले होते. एक अंगचा रंग : पांढरा, सायीचा, पिवळट, फिकट जांभळा. दुसरी त्यावरची झाक, जिला व्यापारी ओव्हरटोन म्हणतात : गुलाबी, हिरवट, निळसर. मोत्याचं अंग म्हणजे कांद्यासारखे पदर. प्रत्येक पदर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. त्या पदरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, त्यातून झाक उमटते. म्हणून मोती फिरवला तरी झाक उजेडाच्या बाजूलाच राहते. अंगचा रंग मोत्याबरोबर फिरतो. आता आम्ही दोन्ही वेगळे लिहितो : ‘अंग सायीचं, झाक गुलाबी’. नुसतं ‘गुलाबी’ लिहिलं की अंग गुलाबी, एवढाच अर्थ.

फोटोत हे कुठे शोधायचं, याला आम्हाला वर्षभर लागलं. मोत्यावर उजेडाचा जो पांढरा ठिपका पडतो, तो बघायचाच नाही; तो खिडकीचा रंग, मोत्याचा नव्हे. ठिपक्याला लागून जे कडं असतं, तिथे झाक. ठिपक्यापासून दूर, पण अगदी कडेच्या आधी, जो शांत पट्टा असतो, तिथे अंगचा रंग. कड सोडून द्यायची, कारण तिथे खोली, टेबल आणि फोटो काढणारा यांचीच गर्दी असते. फोटो जास्त उजळ आला, तर ठिपका पसरून कडं गिळून टाकतो आणि झाक हरवते. म्हणून फोनच्या पडद्यावर मोत्यावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढायचा. फोटो काळपट वाटला तरी चालेल.

फोनची एक खोड मात्र सगळ्यांना गंडवते. सायीचे मोती फोटोभर पसरलेले असले, की फोनला वाटतं खोलीतला उजेडच पिवळा आहे, आणि तो आपणहून पिवळेपणा काढून टाकतो. सायीचे मोती पांढरेशुभ्र होतात. लाल मखमलीच्या डबीत तो लाली काढायला जातो आणि मोती हिरवट-निळसर दिसतात. यावर इलाज म्हणून आम्ही फोटोग्राफर वापरतात तसं राखाडी कार्ड प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ठेवतो. एकदा समोरच्या वाड्याची भिंत पिवळी रंगवली आणि आठवडाभर आमचा सगळा माल सायीचा दिसू लागला. कार्डही पिवळं दिसत होतं, म्हणून चोर सापडला. साडीचा चोर मात्र कार्डाने सापडत नाही, कारण तो मोत्याच्या एकाच बाजूला असतो. म्हणून फोटो काढताना आमच्याकडे पांढरा किंवा राखाडी ॲप्रन सक्तीचा. पाहुणी आली तरी तिलाही.

या सगळ्याची परीक्षा झाली ती मेलबर्नच्या एका ताईंच्या तन्मण्यावर. आजेसासूबाईंचा दागिना, त्यातले सहा मोती गेलेले. जोडीला जोड हवे होते. पहिला फोटो रात्री दिव्याखाली काढलेला, मोती हळदीसारखे. मी म्हटलं, त्याच दिव्याखाली प्रिंटरचा कोरा कागद शेजारी ठेवून पुन्हा काढा. मग फोटोच्या ॲपमध्ये दोन्ही जागी बोट ठेवून आकडे घेतले. मोत्याचा शांत पट्टा : लाल २३८, हिरवा २१४, निळा १७०. कागद : २५०, २२८, १८६. मोत्याचे आकडे कागदाच्या आकड्यांनी भागले, तर शेकड्यात साधारण ९५, ९४, ९१. म्हणजे निळा जरासाच कमी : हळद नव्हे, फिकट साय. झाक गुलाबी असती, तर ठिपक्याजवळच्या कड्यात, असंच भागून पाहिल्यावर, हिरवा आकडा लाल आणि निळ्या दोघांच्याही खाली गेला असता. तसा तो गेला नाही.

पण या कागदावर मी पैज लावणार नाही. शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन असतं. दिवसाच्या उजेडात त्याने कागद निळसर होतो आणि हिशोबात मोती आहे त्याहून पिवळा निघतो. म्हणून शेवटी आम्ही नमुन्याची पट्टीच टपालाने पाठवली : पांढऱ्यापासून सायीपर्यंत पाच मोती, क्रमांक घालून चिकटवलेले. खिडकीपाशी, ऊन न येणाऱ्या जागी, पट्टी आणि तन्मणी एकाच फोटोत. अशा फोटोत दिवा, फोन, पडदा सगळ्यांच्या चुका दोघांवर सारख्याच पडतात. अंग तीन नंबरशी जुळलं. पण आमच्या तीन नंबरवर गुलाबी झाक होती आणि ताईंचे मोती त्यापुढे निस्तेज. वर्षानुवर्षांच्या घामाने जुन्या मोत्यांचा वरचा पदर झिजतो, पाणी जातं, त्याबरोबर झाकही. नवे पाणीदार मोती बसवले असते, तर ते ठिगळासारखे उठून दिसले असते. म्हणून हैदराबादच्या लडींतून मुद्दाम पाणी कमी असलेले साडेचार मिलिमीटरचे मोती निवडले. असा माल मागितल्यावर तिथला दलाल हसला.

झाकेच्या नावाखाली रंगही विकला जातो, हे एका व्यापाऱ्याने आम्हाला चांगलंच शिकवलं. त्याची ‘रोझ’ म्हणजे गुलाबी झाक उजेडाच्या ठिपक्याला चिकटलेली नव्हती, सगळीकडे सारखी पसरली होती. भोक पाडलेल्या जागी दोऱ्याभोवती गुलाबी कडं गडद होतं. म्हणून मी भोकाचा जवळून काढलेला फोटो मागते. तो द्यायला कोणी टाळाटाळ केली, की मी पुढे बोलत नाही.

मोती जुना बसरा, म्हणजे समुद्रात आपोआप झालेला, आहे की कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम घडवलेला, हे फोटोवरून आम्ही सांगत नाही. त्याला एक्स-रे लागतो. मेलबर्नच्या ताईंनीही विचारलं होतं, आणि आम्ही त्यांना प्रयोगशाळेत जायला सांगितलं. सहापैकी पाच मोती बसले. सहावा खिडकीत जुळला होता, पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एलईडीखाली हिरवट दिसला म्हणून परत आला. तो आता पट्टीवर सहा नंबरला चिकटवलाय.