तारीख नसलेला क्लेम

मी सोलापुरात एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात आहे. सप्टेंबरमध्ये एका टॉवेल कारखानदाराचा मेल आला: "परवाच्या पावसात गोदामात पाणी शिरलं, गाठी भिजल्या, क्लेम लवकर द्यावा." पॉलिसी नंबर नाही, तारीख नाही.

मोबाईल नंबरवरून शोधलं तर त्यांच्या नावावर दोन पॉलिसी निघाल्या. एक 20 तारखेच्या मध्यरात्री संपलेली, दुसरी तिथूनच पुढे सुरू झालेली. जुनीत मालाची विमा रक्कम 8 लाख, नवीत 12 लाख. म्हणजे पाणी कोणत्या बाजूला शिरलं यावर पैसे ठरणार होते.

अशा वेळी कागदपत्रांची भलीमोठी यादी पाठवायची पद्धत मला पटत नाही. नुकसान झालेला माणूस ती वाचून गांगरतो आणि हवी ती माहिती मागेच राहते. मी लिहिलं:

"नमस्कार साहेब, आपला मेल मिळाला, नुकसानीची सूचना नोंदवली आहे. दोन गोष्टी कळवा. पहिली, पॉलिसी नंबर; तो शेड्यूलच्या पहिल्या पानावर असतो, मूळ प्रत बँकेत असेल तर तिथून फोटो मागवा. दुसरी, गोदाम कोरडं शेवटचं कधी पाहिलं, आणि पाणी शिरल्याचं पहिल्यांदा कधी, कुणाकडून कळलं? तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. भिजलेला माल सर्वेअर येईपर्यंत टाकू नका. सुका माल वेगळा काढा, आधी फोटो घ्या."

"20 की 21 तारीख?" असं मुद्दामच विचारलं नाही. पर्याय पुढे ठेवला की माणूस सोयीचा निवडतो, आणि पुढे फोन किंवा फोटोतली वेळ जुळली नाही तर खऱ्या क्लेमवरही संशय येतो. म्हणूनच दोन पॉलिसींचा उल्लेखही टाळला.

संध्याकाळी उत्तर आलं. जुन्या पॉलिसीचा नंबर होता. 20 ला सातला कुलूप लावलं तेव्हा गोदाम कोरडं होतं; पावणेअकराला शेजारच्या कारखान्याच्या वॉचमनने पाणी आत जातंय म्हणून फोन केला. सोबत कॉलच्या नोंदीचा फोटो. घटना जुन्या पॉलिसीतली, हे स्पष्ट झालं.

सर्वेअरने गोदामातला माल 12 लाखांचा धरला. भिजलेल्या मालाची उरलेली किंमत वजा जाता नुकसान 3 लाख आलं. विमा मात्र 8 लाखांचाच, म्हणजे मालाच्या दोन तृतीयांश. फरक 15 टक्क्यांच्या आत असता तर त्यांच्या लघुउद्योगाच्या पॉलिसीत तो माफ होता. इथे तो बराच जास्त. त्यामुळे नुकसानीचाही दोन तृतीयांश भागच देय, म्हणजे 2 लाख, त्यातून पॉलिसीतली ठरलेली वजावट.

ते ऑफिसात आले तेव्हा हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. लाखभर रुपये गेल्याचं त्यांना लागलं, मलाही वाईट वाटलं. त्यांनी एकच विचारलं, "नव्या पॉलिसीत आता पुरेसं आहे ना?" माल 12 लाखांवर गेला तर मध्येच कळवून रक्कम वाढवता येते, हे मी सांगितलं.