श्लोकाची पहिली ओळ

"बाराखडी येते, दुकानांच्या पाट्या वाचता येतात. पण श्लोकाची ओळ समोर आली की जीभ अडखळते. जोडाक्षर कुठे तोडायचं, कुठे लांबवायचं हे कसं कळतं?"

माझ्याकडे मराठी शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना मी पहिल्यांदा एकच ओळ देते. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांची ही सुरुवात:

गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा

ही ओळ घेण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. मनाचे श्लोक 205 आणि सगळे भुजंगप्रयात वृत्तात. एका ओळीची चाल तोंडात बसली की पुढच्या शेकडो ओळींना तीच चालते. शिवाय या वृत्ताचा हिशोब सोपा: ओळीत 12 अक्षरं, एक लघु आणि दोन गुरू असे तीन-तीनचे चार गट. लघु म्हणजे चटकन म्हणून सोडायचं, गुरू म्हणजे त्याच्या दुप्पट वेळ थांबायचं. लगागा, लगागा, लगागा, लगागा. हे आधी नुसतं बोटाने टेबलावर वाजवून बघा.

आता ओळ मोजू. ग, णा, धी, श, जो, ई, श, स, र्वां, गु, णां, चा. बरोबर 12. जोडाक्षर कितीही भरगच्च दिसलं तरी एकच मोजायचं, कारण त्यात स्वर एकच असतो.

पण ही मोजणी डोळ्यांनी झाली. तोंडाने वाचताना बहुतेकांची अक्षरं 10 भरतात. गणाधीश्, जो, ईश्, सर्वां, गुणांचा. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो. घर, पाऊस, ईश, सगळ्यांचं शेवटचं अक्षर अर्धवटच बाहेर पडतं. गद्यात हेच बरोबर आहे, तिथे 'ईश' पूर्ण म्हणणारा माणूस उगाच कीर्तनात उभा असल्यासारखा वाटतो. श्लोकात मात्र तो 'अ' परत द्यावा लागतो. दोन्ही 'श' पूर्ण म्हणायचे, पण लांबवायचे नाहीत. 'शा' झाला तर लघूची जागा गेली.

इथे एक गंमत आहे. गट पाडले की ओळ अशी दिसते:

गणाधी । शजोई । शसर्वां । गुणांचा

'शजोई' असा शब्द मराठीत नाही. शब्द जिथे संपतात तिथे गट संपत नाहीत. नवा वाचक दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर श्वास घेतो आणि तिथेच ओळ लंगडते. म्हणून मी आधी ही अर्थहीन वाटणारी तोड वहीत लिहायला लावते, ती ठेक्यात चार वेळा म्हणायला लावते, आणि मगच छापील ओळीकडे वळते. अर्थाचं नंतर बघू.

आता खरा अडसर, 'सर्वां'. व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं. हे पाठ केलं तरी ओळ वाचता येत नाही. त्यापेक्षा रफार कुठे बसलाय ते नीट बघा. तो 'स'वर नाही, पुढच्या 'वा'वर आहे, तोही थेट कान्याच्या डोक्यावर, अनुस्वाराला खेटून. डोळा तिथे पोचेपर्यंत 'स' आणि 'व' वाचून झालेले असतात आणि मग 'र' कुठे घालायचा अशी पंचाईत होते. तोंडाचा क्रम वेगळा आहे. 'र' हा 'व'च्या आधी येतो आणि मागच्या 'स'ला जाऊन चिकटतो: सर्-वां. 'स' एकटा असता तर लघु राहिला असता. 'र्' त्याच्या पदरात पडला म्हणून त्यावर दुप्पट वेळ जातो, म्हणून तो गुरू.

फोनवर हा शब्द टाइप करून पाहिलात तर क्रम लगेच पटेल: स, र, ्, व, ा, ं. बोटं उच्चाराच्या क्रमानेच चालतात, आणि रफार उडी मारून पुढे बसतो तो पडद्यावर.

चूक झाली हे ओळखायला आकडा पुरतो, पण पुरता नाही. 10 आले तर दोन्ही 'श' गिळलेत. 13 आले तर 'सरवां' म्हटलंय, म्हणजे 'र'ला नको तो 'अ' दिलाय. आणि एक 'श' गिळून शिवाय 'सरवां' म्हटलं तर बेरीज बिनबोभाट 12 येते! म्हणून बोटाचा ठेका सोडायचा नाही. तिसऱ्या गटाच्या दुसऱ्या ठोक्याला आखूड 'र' आला की कान तक्रार करतोच.

दुसरी ओळ: मुळारंभ आरंभ तो निर्गुणाचा. यातला 'निर्गुणाचा' मी मुद्दाम फळ्यावर मोठा काढते. ऱ्हस्व वेलांटी 'न'च्या डावीकडे, म्हणजे आधी दिसते पण नंतर वाचायची. रफार 'गु'च्या डोक्यावर, म्हणजे नंतर दिसतो पण आधी वाचायचा. उकार खाली. चार अक्षरांच्या शब्दात डोळ्याला दोनदा मागेपुढे जावं लागतं. तोंडाने मात्र सरळ आहे: निर्-गु-णा-चा. 'नि'ची वेलांटी ऱ्हस्व असूनही 'र्'मुळे ती गुरू झाली, आणि 'गु' लघुच राहिला. 'मुळारंभ'मधला अनुस्वारही हेच काम करतो. 'रं' म्हणजे 'रम्', कारण पुढे 'भ' आहे. 'गुणांचा'त पुढे 'च' असल्याने तोच टिंब 'न्'सारखा वाजतो. 'णां' तसाही गुरूच होता, पण एकट्या 'र'ला गुरू केलं ते टिंबानेच.

जोडाक्षर आलं की मागचं अक्षर डोळे मिटून लांबवायचं असं मात्र करू नका. 'तुम्हा'तला 'तु' लघुच राहतो, कारण 'म्ह'चा आघात मागे येत नाही. 'कुऱ्हाड'मधला 'कु'ही तसाच. शब्द मोठ्याने म्हणून बघा: 'सर्वां'त जीभ 'स'वर थबकते, 'तुम्हा'त 'तु'वर थबकत नाही.

तिसरी ओळ, नमूं शारदा मूळ चत्वार वाचा, तुमची तुम्ही सोडवा. 'मूळ'चा 'ळ' गिळायचा नाही आणि 'चत्वार'ची तोड चत्-वा-र अशी होते, एवढंच सांगते. 'नमूं'वरचा टिंब जुन्या लेखनातला आहे. तो उच्चारला नाही तरी 'मू' दीर्घ असल्याने ठेका बिघडत नाही.

चौथ्या ओळीत, गमूं पंथ आनंत या राघवाचा, हमखास कुणीतरी पेन्सिलने 'आनंत'चा 'अनंत' करतं, छापण्यातली चूक समजून. ती चूक नाही. तिथे गट पडतो 'थ आ नं', आणि मधली जागा गुरूची आहे.