निरोप समारंभात मी तीन मिनिटं बोलले

आमचे हे वायरमन. 30 जूनला निवृत्त झाले. सपत्नीक सत्कार असतो, तेव्हा घरच्यांच्या वतीने मी दोन शब्द बोलावे असं ऑफिसातून सांगितलं होतं.

पहिल्यांदा लिहिलं ते चार पानं झालं. मुलीने मोबाइलवर वेळ लावली, तर सात मिनिटं. आणि त्यातलं निम्मं, म्हणजे कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ, हे साहेब लोक आधीच बोलणार होते. बाकी निम्म्यात नुसती नात्यांची यादी होती. मी कागद बाजूला ठेवला आणि घरात प्रत्येकाला विचारलं, "बाबांच्या ड्युटीसाठी तू काय केलं, एकच सांग."

सासूबाई म्हणाल्या, "मी काय केलं वं? लाईन येईपर्यंत जागी राहत होती."

माझं भाषण तिथेच सापडलं. वादळात तार तुटली की हे परमिट घेऊन खांबावर चढायचे. सगळे खाली उतरून परमिट परत केल्याशिवाय लाईन सुरू होत नाही. म्हणजे गावासाठी लाईन आली, की आमच्यासाठी माणूस सुखरूप उतरला. त्यानंतरच आमच्याकडे ताटं वाढली जायची. मुलगी दहा वर्षांची असल्यापासून लोकांचे फोन घ्यायची आणि कोणत्या डीपीचा फ्यूज गेला ते कॅलेंडरवर लिहून ठेवायची. शेवटी एवढंच ठेवलं.

आदल्या रात्री यांना वाचून दाखवलं. एकदा हे खांबावरून पडले होते, ते त्यात होतं. "ते नको सांगू, नव्या पोरांच्या घरचे बसले राहतील समोर," म्हणाले. काढून टाकलं. दिवाळीला सुट्टी न मिळाल्याचं मीच काढलं. त्या दिवशी सोबतच्यांना टोचेल असं बोलणं मला बरं वाटलं नाही.

मोठ्याने पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. सासूबाईंच्या वाक्यावर दरवेळी गळा दाटायचा. म्हणून ते वाक्य शेवटी नेलं, त्याच्यापुढे फक्त "धन्यवाद" ठेवलं. अर्ध्या कागदावर ठळक अक्षरांत प्रत्येक मुद्द्याचा पहिला शब्द लिहिला. सूत्रसंचालकांना विनंती केली, यांच्या मनोगताच्या अगदी आधी मला बोलवा.

मंडपात उकाडा होता, लोक जेवणाची वाट पाहत होते. मी यांच्याकडे पाहिलंच नाही, पहिल्या रांगेत सासूबाई होत्या, त्यांच्याशी बोलल्यासारखं बोलले. तरी गळा दाटला, आणि तोही मुलीच्या कॅलेंडरवर, जिथे मला भीतीच नव्हती. थांबले, पाणी प्यायले, कागदावरचा पुढचा शब्द वाचला आणि सुरू केलं. कोणी घाई केली नाही.

पंगतीत एका तरुण वायरमनची बायको माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काकू, आमच्या घरीही लाईन आल्यावरच जेवतो आम्ही."